पाकिटावर नाव छापण्याआधी ते कुणाकडून आणि कसं तपासून घ्यावं

नवं नाव सुचलं की आपण ते मित्रांच्या ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, "कसं वाटतंय?" कोल्हापुरात याचं उत्तर ठरलेलं आहे. "नाद खुळा", "लई भारी", आणि एखादा अंगठा. मित्र खोटं बोलत नाहीत, त्यांना तुमचं कौतुक वाटतं आणि ते कौतुक ते नावाच्या खात्यात टाकतात. पण गिऱ्हाईक तुमच्या नावाला कधीच गुण देत नाही. ते नाव ऐकतं, आठवून दुकानात मागतं, शेजारणीला सांगतं, फोनवर टाइप करतं. म्हणून नावाची चाचणी म्हणजे लोकांना मत विचारणं नव्हे. लोकांना त्या नावाचं काहीतरी करायला लावायचं आणि काय होतं ते बघायचं.

हे छपाईच्या आधीच का करायचं, यामागे साधं कारण आहे. मसाल्याची रंगीत लॅमिनेटेड पाकिटं मोठ्या संख्येनं काढायची झाली तर बहुतेक वेळा ग्रॅव्ह्युअर पद्धतीनं छापतात. त्यात प्रत्येक रंगाचा एक वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि छापणारा ठरावीक वजनाखाली माल काढतच नाही. नाव बदललं तर ज्या ज्या रंगात ते नाव आहे ते सिलिंडर पुन्हा कोरायचे आणि उरलेला रोल भंगारात घालायचा. बोर्डाचंही तसंच आहे. फ्लेक्स बदलणं स्वस्त, पण शीटवर अॅक्रिलिकची उठावदार अक्षरं बसवून आत दिवे सोडले की प्रत्येक अक्षराचे पैसे मोजलेले असतात.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. ते कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या बाजारातल्या आहेत. समजा, कसबा बावड्यात एक ताई दर उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करून ओळखीच्या घरांना देतात. आता त्यांना पाव किलोची पाकिटं काढायची आहेत आणि राजारामपुरीत छोटा गाळा घ्यायचा आहे. घरच्यांनी बसून तीन नावं काढली: ठसका, उखळी आणि लालबुंद. घरात मतदान झालं तर उखळी निवडून येईल. नाव गोड आहे, जुनं वाटतं, कुटलेल्या चटणीचा वास त्यात आहे.

पहिली चाचणी फोनवर

किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे असतं आणि पाकीट पलीकडे. मध्ये फक्त तोंडातला शब्द असतो. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात आधी करायची आणि सगळ्यात स्वस्त चाचणी ही: नाव एकदा ऐकून समोरचा ते लिहितो कसं?

ताईंनी तीस ओळखीच्या लोकांची यादी करावी. घरचे नकोत, ज्यांनी नावं आधी ऐकली आहेत ते तर नकोतच. दहा-दहाचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच नाव सांगावं, कारण एकाच माणसाला तिन्ही नावं सांगितली तर तो तुलना करायला लागतो आणि आपल्याला तुलना नको आहे. फोनवर वाक्य एकच, नेहमीच्या वेगात: "लक्ष्मीपुरीतनं येताना उखळीची चटणी घेऊन ये म्हणून कुणी सांगितलं, तर चिठ्ठीत नाव कसं लिहिशील? मला व्हॉट्सअॅपवर पाठव." नाव पुन्हा उच्चारायचं नाही. "काय म्हणालीस?" असं त्यानं विचारलं तर तेवढं वहीत टिपायचं, कारण तोही निकालच आहे. लिपी कुठली हे सांगायचं नाही. निम्मे लोक मराठीत लिहितील, निम्मे इंग्रजी अक्षरांत, आणि दोन्ही आपल्याला बघायचं आहे.

समजा निकाल असा आला. ठसका दहाही जणांनी बरोबर लिहिलं. लालबुंद नऊ जणांनी, एकानं "लाल बुंदी" लिहिलं. उखळीचे मात्र दहातले पाचच बरोबर. चौघांनी "उकळी" लिहिलं, म्हणजे पाण्याला येते ती. इंग्रजी अक्षरांत Ukhali, Ukali आणि Okhli अशी तीन रूपं आली. ख आणि क यांत फरक फक्त श्वासाच्या झोताचा असतो आणि फोनवर नेमका तोच आधी हरवतो. छ-च, ठ-ट, थ-त, फ-प या जोड्यांचंही तेच. नावात असं अक्षर असेल आणि ते बदलून दुसरा चालता शब्द तयार होत असेल, तर धोका मोठा. ठसक्यात ठ आहे, पण "टसका" असा शब्द लोकांच्या डोक्यात नाही, म्हणून ऐकणारा आपोआप दुरुस्त करून घेतो. उकळी मात्र रोजच्या वापरातली आहे.

हे वाचून उखळी लगेच रद्द करायचं का? थांबा. आधी उलटी चाचणी करून घ्यावी: लिहिलेलं नाव दाखवायचं आणि मोठ्यानं वाचायला सांगायचं. इंग्रजी अक्षरांतलं Ukhali दाखवलं की काही जण "उखाळी" वाचतील आणि उखाळ्यापाखाळ्या आठवतील. ही अडचण जवळपास प्रत्येक मराठी नावाची आहे, कारण ळ, ठ, ण आणि दीर्घ आ यांना इंग्रजी अक्षरांत ठरलेली जागा नाही. गिऱ्हाईक मात्र गूगलवर आणि नकाशावर बहुधा त्याच अक्षरांत शोधतं. म्हणून पहिल्या चाचणीत लोकांनी जी जी स्पेलिंगं पाठवली, ती सगळी एकेक करून फोनवर टाइप करून बघायची. काय समोर येतं, फोन स्वतःहून शब्द बदलतो का, त्या नावाचं दुसरं दुकान आधीच आहे का, हे तिथल्या तिथे दिसतं.

वाचण्याची चाचणी बोर्डासाठीही लागते आणि ती अंतरावरून करायची. बोर्ड करणारे एक ढोबळ हिशेब धरतात: दर दहा फुटांना एक इंच अक्षर, म्हणजे चाळीस फुटांवरून सहज वाचायचं असेल तर चार इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंत, मूळ अक्षराची मोजावी. वेलांट्या-मात्रांची उंची त्यात धरली तर प्रत्यक्ष अक्षर बारीक पडतं. घरच्या प्रिंटरवर एकेका कागदावर एकेक अक्षर मोठं छापून गाळ्याच्या शटरला चिकटवायचं आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "तिथं काय लिहिलंय?" उखळीचा ख वळणदार फॉन्टमध्ये र आणि व असा सुटा दिसतो आणि लोक "उरवळी" वाचतात. हा दोष फॉन्टचा आहे, नावाचा नाही. फॉन्ट बदलला की जातो, पण तो बोर्ड लागण्याआधी कळायला हवा.

दुसऱ्या दिवशीचा फोन

दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना पुन्हा फोन करायचा. आदल्या दिवशी त्याची कल्पना द्यायची नाही. "काल मी एका चटणीचं नाव सांगितलं होतं, आठवतंय का?" एवढंच विचारायचं आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं.

फोनवर पहिला आलेला ठसका इथं कसा मागे पडू शकतो ते बघण्यासारखं आहे. लोकांना नाव आठवतं, पण ते सांगतात "ठसकेदार", "झणका", "तडका". त्यांच्या लक्षात अर्थ राहिला, शब्द गेला. मसाल्याच्या बाजारात तिखटपणा सांगणारी नावं इतकी आहेत की त्यांतलं एक दुसऱ्यात सहज मिसळून जातं. दुकानात असं गिऱ्हाईक "ते काय ते, तडका का काय" म्हणतं आणि दुकानदार हाताला लागेल ते पाकीट देतो. म्हणजे आपल्या नावाची मागणी दुसऱ्याच्या मालाला जाते. ज्या नावाचं चुकीचं आठवलेलं रूप दुसऱ्या कुणाचं तरी नाव असतं, ते नाव मी तरी घेणार नाही, ते कितीही सोपं असलं तरी.

लालबुंद ऐकलेल्यांपैकी समजा सात जणांना शब्द नेमका आठवला. उखळीवाल्या दहांत ज्यांनी पहिल्यांदा बरोबर ऐकलं त्यांना पक्कं आठवलं, आणि ज्यांनी चुकीचं ऐकलं त्यांनाही पक्कं आठवलं, पण उकळी म्हणून.

ज्यांना काहीच आठवत नाही त्यांना पाच नावांची यादी वाचून दाखवायची आणि त्यातलं कोणतं ते ओळखायला सांगायचं. आठवणं आणि ओळखणं हे दोन वेगळे गुण आहेत. सुपरमार्केटच्या मांडणीवरून पाकीट उचलायचं असेल तर नुसतं ओळखू आलं तरी भागतं. काउंटरवर मागायचं असेल तर आठवावंच लागतं. तुमचा माल कुठं विकला जाणार आहे, त्यावरून कुठल्या गुणाला वजन द्यायचं ते ठरतं. ताईंचा माल किराणा दुकानांतून जाणार, म्हणून त्यांच्यासाठी आठवणं मोठं.

नाव ऐकून मनात काय येतं

यासाठी नवी माणसं घ्यायची आणि वस्तू कुठली ते सांगायचंच नाही. फक्त नाव सांगायचं आणि विचारायचं: ही कुठली वस्तू असेल? कितीला मिळत असेल? कोण विकत घेत असेल? "आवडलं का?" हा प्रश्न इथंही नको.

लालबुंद म्हटल्यावर कुणी कलिंगड म्हणेल, कुणी कुंकू, कुणी टोमॅटो सॉस. यात वाईट काही नाही. याचा अर्थ एवढाच की हे नाव एकटं उभं राहू शकत नाही आणि त्याच्याखाली "कांदा-लसूण चटणी" हे शब्द ठळक हवेत. खाण्याच्या पाकिटावर पदार्थाचं नाव लिहावंच लागतं, तेव्हा ते कोपऱ्यात न ढकलता नावाच्या जोडीला घ्यावं. त्या शब्दांचीही चाचणी होऊन जाऊ द्या. कोल्हापुरात चटणी म्हटलं की लाल तिखटाची बरणी डोळ्यापुढे येते. पुण्या-मुंबईच्या घरात चटणी म्हणजे ओल्या खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची, आणि याच वस्तूला ते मसाला म्हणतात. माल बाहेर पाठवायचा असेल तर तिथल्या चार नातेवाइकांना नमुन्याच्या पाकिटाचा फोटो पाठवून विचारावं, "हे भाजीत घालाल की ताटात वाढून घ्याल?"

लालबुंदची खरी अडचण मात्र दुसरीच निघू शकते. पाच-सहा बायकांना विचारलं की त्यांतली एखादी म्हणेल, "रंग घालत असतील." हे उत्तर एकीनंच दिलं तरी त्याला फार महत्त्व आहे. ती गिऱ्हाईक आहे, मिरची घेताना ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा तिखटपणा यांचं प्रमाण तिला कळतं, आणि रंगाचा डांगोरा पिटणारं नाव तिला संशयास्पद वाटतं. अशा वेळी आणखी पाच-सात जणींना तोच प्रश्न विचारावा. पुन्हा तेच उत्तर आलं तर एकतर नाव सोडायचं, नाहीतर संशयाचं उत्तर पाकिटावरच द्यायचं: कुठली मिरची आहे, आणि वरून रंग घातलेला नाही. अर्थातच ते खरं असेल तरच.

इथं गटाच्या आकाराबद्दल सांगायला हवं, कारण गल्लत इथंच होते. दोष शोधायला थोडी माणसं पुरतात. पाच जणांत दोघांनी नाव चुकीचं वाचलं तर दोष आहे, पन्नास जणांची गरज नाही. पण दोन नावांतलं कोणतं जास्त आवडतं हे ठरवायला थोडी माणसं अजिबात पुरत नाहीत. वीस जणांना विचारलं आणि बारा-आठ असा कौल आला, तर तो कौल नव्हेच. नाणं वीस वेळा उडवलं तरी साधारण निम्म्या वेळा बारा-आठ किंवा त्याहून एकतर्फी निकाल येतो. वीसांत पंधरा-पाच आलं तर विचार करण्यासारखं, कारण नुसत्या योगायोगानं इतका फरक शंभरात चार वेळाच पडतो. म्हणून मित्रांचं मतदान बाजूला ठेवा आणि त्यांना दोष शोधायला लावा.

या कामासाठी मित्र निवडतानाही थोडी निवड हवी. कोल्हापूरचा माल निपाणी-बेळगावला जातो, घाट उतरून कोकणात आणि गोव्यात जातो, गांधीनगर-शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरतो. म्हणून घरी कन्नड बोलणारा एक, सिंधी किंवा मारवाडी बोलणारा एक, आणि कोकणातला एक, अशा माणसांना स्पष्ट विचारावं: "हा शब्द तुमच्याकडे कुणाला चिडवायला वापरतात का? काही घाण अर्थ निघतो का?" हा प्रश्न आपणहून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, लोकांना संकोच वाटतो. एखाद्या कॉलेजच्या पोरालाही विचारावं, कारण नावाची टवाळी कशी होईल ते त्याला सगळ्यात आधी सुचतं.

नाव आपलं होऊ शकतं का

हे खरं तर फोनच्याही आधी करायचं काम, निदान वरवर. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. मसाल्यांचा वर्ग ३० आहे. शब्दानं शोध घ्यायचाच, पण उच्चारानं शोधण्याची सोय आहे ती जरूर वापरायची, आणि फोनच्या चाचणीत लोकांनी लिहिलेली चुकीची रूपंही तिथं घालून बघायची. कारण कायदाही गिऱ्हाइकाच्या अर्धवट आठवणीचाच विचार करतो. "अमृतधारा" आणि "लक्ष्मणधारा" या औषधांच्या वादात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की साधारण बुद्धीच्या आणि अपुऱ्या आठवणीच्या माणसाच्या नजरेनं नावं बघायची, आणि तशी पाहिली तर ही दोन नावं फसवी वाटण्याइतकी सारखी आहेत. शब्दांची फोड करून त्यांचा वेगळा अर्थ सांगणं तिथं उपयोगी पडलं नाही.

दुसरी अडचण नावाच्या प्रकाराची. नुसतं मालाचं वर्णन करणारं किंवा गावाचं नाव सांगणारं नाव एकट्याच्या मालकीचं होणं अवघड असतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या नवव्या कलमात हा आक्षेप येतो. "कोल्हापुरी चटणी" कुणीही म्हणू शकतं आणि म्हणतंच. ठसका हा शब्द तिखटाचा गुणच सांगतो, आणि लालबुंदवरही आक्षेप येऊ शकतो. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. ती भरण्याआधी ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला अर्धा तास विचारलेलं बरं.

आता उखळीकडे परत. घरात सगळ्यांना आवडलेलं ते नाव वाचवायचा एक मार्ग आहे: त्याला सोबत द्यायची. "दगडी उखळ" म्हटलं की ऐकणारा उकळी लिहीत नाही, कारण "दगडी" या शब्दानं अर्थ आधीच पक्का होतो. नव्या दहा जणांवर फोनची चाचणी पुन्हा केली तर नऊ बरोबर लिहितील, असं धरू. पण पाच गिऱ्हाइकांना नावावरून काय वाटतं विचारलं की पाचही जणी म्हणतात, "दगडाच्या उखळात कुटत असतील." ताई तर चटणी यंत्राच्या डंकावर कुटून आणतात. मग हे नाव घेता येत नाही. ते गिऱ्हाइकाला खोटं सांगतं, आणि मालाच्या स्वरूपाबद्दल फसवणाऱ्या नावाला नोंदणीही नाकारली जाते. एखादं नाव सगळ्या चाचण्यांत पहिलं येऊनही इथं बाद होऊ शकतं.

शेवटी काउंटरवर

उरलं लालबुंद. त्याच्या जोडीला ताईंनी एखादं चौथं नाव काढून तेही फोनच्या चाचणीतून पार केलं, की मग खरा माल बाहेर काढायचा. साधी, न छापलेली उभी पाकिटं बाजारात मिळतात. त्यावर कॉम्प्युटरवर काढलेलं स्टिकर लावायचं. चटणी तीच, किंमत तीच, स्टिकरचा रंग आणि मांडणी तीच, फक्त नाव वेगळं. विकायचं म्हणजे चाचणीचं पाकीट असलं तरी एफएसएसएआयचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, घटक, पत्ता हे सगळं लागतंच.

दोन नावं एकाच दुकानात शेजारी ठेवली तर गिऱ्हाईक गोंधळतं आणि दुकानदार आपल्या पसंतीचं पुढे करतो. त्यापेक्षा सारखा खप असलेली चार दुकानं घ्यावीत. दोन दुकानांत एक नाव, दोन दुकानांत दुसरं, आणि तीन आठवड्यांनी अदलाबदल. एका दुकानात जास्त खपलं ते नावामुळे की जागेमुळे, हे अदलाबदलीशिवाय कळत नाही. मार्च ते मे नको, तेव्हा घरोघरी वर्षाची चटणी होते आणि आकडे वेडेवाकडे येतात.

विकलेल्या पाकिटांचा आकडा ठेवावा, पण त्याहून मोलाची दुसरी नोंद आहे. दुकानदाराला एक छोटी वही द्यायची आणि विनंती करायची: पुन्हा मागायला आलेलं गिऱ्हाईक तोंडानं काय म्हणालं, तेवढंच लिहा. "लालबुंद द्या", "ती लाल चटणी", "मागच्या खेपेची", "बावड्याच्या बाईंची". ज्या नावाचं पाकीट दुसऱ्यांदा नावानंच मागितलं जातं ते नाव रुजलं. आणि बरीच गिऱ्हाइकं "बावड्याची" म्हणत असतील, तर लोकांनी ताईंना स्वतःहून एक नाव दिलं आहे, त्याचा विचार करावा. निदान तो शब्द पाकिटावर कुठंतरी यावा.

नाव ठरल्यावरही पहिलं वर्ष स्टिकरच चालवावं आणि बोर्ड फ्लेक्सचा ठेवावा. नोंदणीचा अर्ज तेव्हाच करून टाकावा. तपासणीत मंजूर झालेलं नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. तोवर नावापुढे टीएम लिहिता येतं, पण वर्तुळातला आर लावायचा नाही, नोंदणी झालेली नसताना तो लावणं बेकायदेशीर आहे. पक्का बोर्ड करताना महाराष्ट्रातला नियम लक्षात ठेवावा: नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. सिलिंडर कोरायला देण्याआधी छापणाऱ्याकडून प्रूफ मागवायचं, आणि ज्या व्यक्तीनं हे नाव आजवर पाहिलेलं नाही तिच्याकडून ते मोठ्यानं वाचून घ्यायचं.